स्वतःच्या फोनवर ऑफिसचं मेल, कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरचं बघतो. प्रिंटर अडकला, मेल थांबलं, पासवर्ड विसरला, की सगळे माझ्या टेबलापाशी. त्यातही नवीन माणूस लागला किंवा कुणी नवा फोन घेतला, की तेच पाच-सहा प्रश्न पुन्हा येतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. आमचं मेल मायक्रोसॉफ्ट 365 वर आहे आणि दहातले आठ-नऊ फोन ॲण्ड्रॉइड, तेव्हा उत्तरंही त्याच हिशोबानं आहेत. फोनच्या कंपनीप्रमाणे बटणाची जागा थोडी इकडे-तिकडे होईल, पण प्रकार तोच.

मेल जोडताना "Erase all data" असं लिहून आलंय. "Activate" दाबू का?

थांबा. आधी सांगा, कुठल्या ॲपमध्ये जोडताय? फोनबरोबर आलेल्या जीमेल किंवा सॅमसंगच्या ईमेल ॲपमध्ये ऑफिसचं खातं घातलंत, तरच बहुतेक वेळा हा पडदा येतो. वर "device admin app" असे शब्द असतात आणि खाली यादी असते: सगळा डेटा पुसणं, पासवर्डचे नियम लावणं, स्क्रीन लॉक करणं, लॉक उघडायचे प्रयत्न मोजणं.

ही यादी कुणा हॅकरनं पाठवलेली नसते. 2010 साली ॲण्ड्रॉइड 2.2 मध्ये ही सोय आली, तेव्हा फोन आणि ऑफिसचं मेल म्हणजे एकच चीज धरलेली होती. ऑफिसचा सर्व्हर फोनला सांगतो, "माझे नियम पाळणार असशील तर मेल देतो." फोन तुम्हाला विचारतो. तुम्ही नाही म्हणालात तर मेल येत नाही, एवढंच. यातलं हे देतो, ते देत नाही, असं निवडता येत नाही. सगळं द्यायचं किंवा काहीच नाही.

आणि हो म्हणालात, तर यादीत लिहिलंय तेच दिलेलं असतं. ॲडमिनच्या, म्हणजे ऑफिसचं मेल सांभाळणाऱ्या माझ्यासारख्याच्या, बाजूला दोन आज्ञा असतात. एक फक्त ऑफिसचं खातं काढून टाकते, दुसरी अख्खा फोन दुकानातून आणला तसा कोरा करते. चुकून दुसरी दाबली गेली तर लेकीच्या बारशाचे फोटोही गेले. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. इतक्यांदा पिन चुकला की फोन पुसायचा, असा नियमही कंपनी लावू शकते. तो लावलेला असेल आणि घरातलं पोर फोन घेऊन आकडे बडवत बसलं, तर पुसायला ॲडमिनचीही गरज पडत नाही.

म्हणून माझं सांगणं एकच: स्वतःच्या फोनवर "Cancel" दाबा, अर्धवट जोडलेलं खातं काढा आणि आउटलुक ॲप घ्या.

आउटलुकमध्ये तरी काय वेगळं? खातं तेच, कंपनी तीच.

खातं तेच, पण मेल राहतं कुठं ते वेगळं. फोनच्या स्वतःच्या ॲपमध्ये सर्व्हर फोनशी बोलतो. आउटलुकमध्ये तो ॲपशी बोलतो. ॲडमिननं पुसायची आज्ञा दिली तर आउटलुकच्या आतलं मेल, कॅलेंडर, जोडलेल्या फायली एवढंच जातं. गॅलरी, व्हॉट्सॲप, गुगल पे यांना हात लागत नाही. भाड्याच्या घरातली एक खोली मालकाच्या कुलपात असावी, तसं. त्या खोलीत तो काहीही करो, स्वयंपाकघरात येत नाही.

एक अपवाद. फोन ॲण्ड्रॉइड 9 किंवा त्याहून जुना असेल, तर आउटलुकही स्क्रीन लॉकचा नियम लावायला तोच "device admin" पडदा दाखवू शकतं. ॲण्ड्रॉइड 10 पासून ती गरज संपली. तिथं फक्त "लॉक जरा मजबूत करा" एवढं सांगतं.

पहिल्यापासून जोडताना काय काय विचारतं?

परवा अकाउंट्समधल्या ताईंचा फोन बसवला, तोच क्रम सांगतो. एक चहा होईतोवर झालं, पण मध्ये त्या चार वेळा थबकल्या. ज्या जागी त्या थबकल्या त्या जागा महत्त्वाच्या.

प्ले स्टोअरवरून आउटलुक घेतलं. नावाखाली "Microsoft Corporation" आहे ना, ते बघून. उघडून ऑफिसचा पूर्ण ईमेल पत्ता टाकला. पुढचा पडदा कंपनीच्या लोगोचा आला आणि तिथं पासवर्ड मागितला. ताई पहिल्यांदा थबकल्या इथं: "हे खरंच आपलंच पान आहे नव्हं?" आउटलुक ॲप आपण स्वतः उघडलंय, पत्ता आपण टाकलाय आणि त्यातूनच हे पान आलंय, तेव्हा ठीक. हेच पान एखाद्या मेलमधल्या लिंकवरून ब्राउझरमध्ये उघडलं असतं, तर वर पत्त्याच्या पट्टीत `login.microsoftonline.com` आहे का ते बघितल्याशिवाय पासवर्ड टाकायचा नाही. लोगो कुणीही चिकटवू शकतं.

मग दोन आकडी नंबरचा प्रश्न आला, त्याबद्दल खाली सविस्तर आहे. त्यानंतर "Help us keep your device secure" असं म्हणून "Register" चं बटण आलं. ताई दुसऱ्यांदा थबकल्या. मग "Company Portal" नावाचं आणखी एक ॲप घ्यायला सांगितलं. तिसऱ्यांदा. ते फक्त फोनमध्ये असावं लागतं, उघडून त्यात लॉगिन करायची गरज नाही. आउटलुकवर लावलेले नियम त्याच्यामार्फत पोचतात.

शेवटी हा संदेश आला:

"Your organization is now protecting its data in this app. You need to restart the app to continue."

आउटलुक बंद होऊन पुन्हा उघडलं आणि त्यानं वेगळा पिन ठरवायला सांगितला. चौथ्यांदा ताई माझ्याकडे बघायला लागल्या. हा पिन आउटलुकचा, फोनचा नाही. यूपीआयचा पिन इथं ठेवू नका, एवढं मी हात जोडून सांगतो. बोटाचा ठसा चालू असेल तर रोज पिन टाकावाही लागत नाही. विसरलात तर पुन्हा लॉगिन करून नवा ठेवता येतो, मेल जात नाही.

"Register" दाबलं म्हणजे फोन कंपनीच्या ताब्यात गेला का?

नाही. रजिस्टर म्हणजे हजेरीपटावर नाव. "हा फोन अमक्याचा, याच्यावरून लॉगिन झालं तर ओळखीचा धरा," एवढी नोंद सर्व्हरवर होते.

ताब्यात देणं म्हणजे "Enroll", आणि तिथले शब्द वेगळे असतात. पडद्यावर "work profile" बनवतोय असं आलं, तर फोनचे दोन कप्पे होणार. ऑफिसच्या ॲपवर छोट्या ब्रीफकेसचं चिन्ह येतं, आणि तुमचा खाजगी कप्पा तिकडून दिसत नाही. तेही वाईट नाही. उलट रविवारी दुपारी तांबड्या रश्श्यावर बसल्यावर एका बटणानं ऑफिसचा अख्खा कप्पा बंद करता येतो. पण तुमच्या ऑफिसनं ते मागितलंय का, हे आधी विचारा. न विचारता आलं असेल तर पुढं जाऊ नका.

साहेबांना माझं व्हॉट्सॲप दिसतं का?

हा प्रश्न सगळ्यांना असतो, पण विचारतात दार लावून घेतल्यावर. दिसत नाही. मी ॲडमिन आहे, मला काय दिसतं ते सांगतो: फोनचं मॉडेल, ॲण्ड्रॉइडची आवृत्ती, शेवटचं सिंक कधी झालं, आणि लॉगिन झालं तेव्हाचा इंटरनेट पत्ता, ज्यावरून गाव अंदाजानं कळतं. फोटो, मेसेज, कॉलची यादी, ब्राउझरचा इतिहास यातलं काही दिसत नाही.

ऑफिसचं मेल मात्र ऑफिसचंच. ते कंपनीच्या सर्व्हरवर आहे आणि कायदेशीर कारणासाठी कंपनी ते उघडू शकते. फोन तुमचा असल्यानं यात फरक पडत नाही. तेव्हा कर्जाचे कागद आणि स्थळांचे बायोडाटा ऑफिसच्या पत्त्यावर मागवू नका.

तो दोन आकडी नंबर काय असतो?

लॉगिनच्या पडद्यावर, समजा, 47 दिसतो. त्याच वेळी तुमच्या फोनमधलं मायक्रोसॉफ्टचं ऑथेंटिकेटर ॲप विचारतं, "लॉगिन करताय का? करत असाल तर तिथला नंबर टाका." तुम्ही 47 टाकता आणि दार उघडतं.

आधी नुसतं "Approve" दाबायचं असायचं. त्यात घोटाळा असा, की ज्याच्या हाती तुमचा पासवर्ड लागला तो रात्री दोनला पंचवीस वेळा विनंती पाठवायचा. झोपेत कटकट नको म्हणून माणूस एकदा "Approve" दाबून मोकळा व्हायचा. 8 मे 2023 पासून मायक्रोसॉफ्टनं नंबर टाकणं सगळ्यांना सक्तीचं केलं. आता चोराच्या पडद्यावरचा नंबर तुम्हाला माहीत नसतो, त्यामुळे झोपेतही चूक होत नाही.

होते ती वेगळी चूक. कुणीतरी फोन करतं: "आयटीमधून बोलतोय, तुमचं मेल अपग्रेड करायचंय, आता विनंती येईल, त्यात 47 टाका." नंबर कुणाच्या तोंडून ऐकून टाकायचा नसतो. तो तुमच्याच डोळ्यांसमोरच्या पडद्यावर दिसला पाहिजे. तुम्ही स्वतः लॉगिन करत नसाल तर "No, it's not me" दाबा आणि लगेच ऑफिसला कळवा. विनंती आली याचा अर्थ पासवर्ड बाहेर गेलेला असण्याची दाट शक्यता आहे, तो बदलायला हवा.

याचाच चुलतभाऊ म्हणजे "या पानावर जाऊन हा कोड टाका" असं सांगणारा मेल. पान `microsoft.com/devicelogin` असतं, म्हणजे अगदी खरं. पण कोड चोराच्या यंत्राचा असतो. तो टाकून तुम्ही लॉगिन केलंत की तुमच्या नावानं त्याचं यंत्र आत जातं. पान खरं आहे म्हणून फसू नका. कोड कुठून आला ते बघा.

मी कोल्हापुरात आहे, पण विनंतीत मुंबई दाखवतंय. नाकारू?

गावावरून ठरवू नका. मोबाइल इंटरनेटचा पत्ता बऱ्याचदा कंपनीच्या मोठ्या केंद्राचा निघतो, म्हणून राजारामपुरीत बसून केलेलं लॉगिन मुंबई किंवा पुणे म्हणून दिसू शकतं. या क्षणी मी स्वतः लॉगिन करतोय का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारा. परदेशातलं गाव दिसलं तर मात्र शंका घ्याच.

नवा फोन घेतलाय. जुना कधी देऊ?

नव्यावर ऑथेंटिकेटर चालू झाल्याशिवाय देऊ नका. गणपतीच्या आधी फोनवर सवलती लागतात, आणि त्यानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे रांग लागते ती यामुळेच.

मागच्या वर्षी आमच्या क्वालिटीतल्या एकानं शाहूपुरीतल्या दुकानात नवा फोन घेतला. दुकानदारानं तिथल्या तिथं सगळं नव्यात उतरवून दिलं, जुना कोरा करून एक्स्चेंजमध्ये ठेवून घेतला. नव्या फोनवर ऑथेंटिकेटरचं चिन्ह होतं, आत ऑफिसच्या खात्याचं नावही दिसत होतं. गडी निवांत. दुसऱ्या दिवशी आउटलुकनं नंबर मागितला आणि ॲपमध्ये विनंती काही येईना. कारण बॅकअपमधून ऑफिसच्या खात्याचं नुसतं नाव येतं, किल्ली येत नाही. किल्ली जुन्या फोनबरोबर पुसली गेली.

नीट करायची पद्धत अशी. जुना फोन हातात असताना ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हे पान उघडा:

```
mysignins.microsoft.com/security-info
```

तिथं "Add sign-in method" मधून ऑथेंटिकेटर निवडा. लॉगिनची खात्री जुन्या फोननं करा, मग पडद्यावर येणारा क्यूआर कोड नव्या फोनच्या ऑथेंटिकेटरनं स्कॅन करा. एकदा लॉगिन करून विनंती नव्यावर येते का ते बघा. आली की त्याच यादीतून जुन्या फोनची नोंद काढा. मगच जुना कोरा करा. त्या क्यूआर कोडचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवायचा नाही, मलासुद्धा नाही.

जुना आधीच गेला असेल तर ॲडमिनकडे या. थोड्या वेळापुरता चालणारा तात्पुरता पास काढून देता येतो. फोनवर नुसता आवाज ऐकून मी तो देत नाही, समोर यावं लागतं. राग मानू नका.

ऑफिसचे कॉन्टॅक्ट फोनमध्ये आणायचे आहेत. पार्टीचा फोन आला की नाव दिसत नाही.

आउटलुकमध्ये सेटिंग्ज, मग तुमचं खातं, मग "Sync contacts" चालू करा. ॲण्ड्रॉइड कॉन्टॅक्टची परवानगी मागेल, "Allow" द्या. ही परवानगी नाकारलीत तर मेल चालतं, पण फोन वाजल्यावर नाव दिसत नाही.

चालू करण्याआधी एक लक्षात घ्या. आउटलुकमधून बाहेर आलेली नावं फोनच्या सामाईक वहीत पडतात. ती वही वाचायची परवानगी तुम्ही ज्या ज्या ॲपला दिलीय, त्या सगळ्यांना ती दिसते. म्हणूनच काही कंपन्या हे बटण बंदच ठेवतात. तुमच्याकडे ते दाबलं जात नसेल तर फोन बिघडलेला नाही, नियम लावलेला आहे.

नोकरी सोडली आणि माझे घरचे नंबरही गेले. कसे?

हा किस्सा पूर्ण सांगतो, कारण यात कुणाचीच लबाडी नव्हती.

डिस्पॅचमधले एक दादा. त्यांनी दोन वर्षांपूर्वी ऑफिसचं खातं आउटलुकमध्ये न घालता फोनच्याच मेल ॲपमध्ये घातलं होतं. तेव्हापासून नवा नंबर सेव्ह करताना फोन वर बारीक अक्षरात "Save to" दाखवायचा, आणि तिथं ऑफिसचं खातं निवडलेलं असायचं. कोण वाचतंय? ट्रकवाले, ट्रान्सपोर्टवाले तर तिथं गेलेच, पण पोराच्या शाळेच्या व्हॅनवाल्यांचा, फॅमिली डॉक्टरांचा, गावाकडच्या ट्रॅक्टरवाल्याचा नंबरही तिथंच. दादांनी नोकरी सोडली, शेवटच्या दिवशी ऑफिसचं खातं फोनमधून काढलं, आणि त्याबरोबर दोन वर्षांचे नंबर गायब. मला फोन आला, "भावा, माझा फोन हॅक झालाय."

हॅक काही नव्हतं. नंबर बहुतेक वेळा फोनमध्ये नसतोच, तो एखाद्या खात्यात असतो. फोन फक्त सगळ्या खात्यांतले नंबर एका यादीत मिसळून दाखवतो. खातं गेलं की त्याच्या वाटणीचे नंबर गेले.

सुदैवानं दादांचा फोन बाराव्या दिवशी आला. मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये काढून टाकलेलं खातं 30 दिवस परत आणता येतं. साहेबांची परवानगी घेऊन मी ते उघडलं, कॉन्टॅक्टची फाइल काढली, आणि आम्ही दोघांनी बसून ऑफिसच्या पार्ट्या वगळल्या. उरलेली फाइल दादांनी `contacts.google.com` वर स्वतःच्या खात्यात घातली. दुसऱ्या महिन्यात आले असते तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुमचं तपासायचं असेल तर गुगलच्या कॉन्टॅक्ट ॲपमध्ये सेटिंग्जमधलं "Default account for new contacts" बघा. तिथं तुमचं स्वतःचं जीमेल पाहिजे. आधीच ऑफिसच्या खात्यात गेलेला घरचा नंबर दिसला, तर तो उघडून तीन टिंबांच्या मेनूतून "Move to another account" नं हलवता येतो.

एकच मीटिंग कॅलेंडरमध्ये दोनदा दिसते.

खातं दोन ठिकाणी जोडलंय. बहुतेक वेळा आधी जीमेलमध्ये घातलेलं असतं, मग आउटलुक घेतलं आणि "Sync calendars" पण चालू केलं. जीमेलमधलं काढा. काढायच्या आधी वरचा किस्सा पुन्हा वाचा.

जर्मनीच्या पार्टीची मीटिंग अचानक एक तास पुढं-मागं का झाली?

सिंक बिघडलेलं नाही, त्यांचं घड्याळ बदललं. जर्मनीत मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढं जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागं येतं. आपलं बदलत नाही. त्यांची दर मंगळवारची सकाळी 10 ची मीटिंग आपल्याकडे हिवाळ्यात दुपारी 2:30 ला आणि उन्हाळ्यात 1:30 ला पडते. त्यांनी पाठवलेलं निमंत्रण स्वीकारलं असेल तर फोन आपोआप बरोबर दाखवतो. आमच्या मार्केटिंगमधल्या एकानं निमंत्रण न स्वीकारता स्वतःच 2:30 ची वेगळी नोंद करून ठेवली होती. एप्रिलमध्ये मीटिंग संपत आल्यावर हे महाशय आत शिरले.

फोनची वेळ आणि टाइम झोन "Automatic" वरच ठेवा. घड्याळ हातानं मागं-पुढं केलेलं असेल तर ऑथेंटिकेटरचे सहा आकडी कोडही चुकीचे ठरतात, कारण ते दर 30 सेकंदाला वेळेवरूनच बनतात.

ॲप उघडल्यावरच मेल येतं, एरवी गप्प.

फोन बॅटरी वाचवतोय. आउटलुकच्या ॲप माहितीत जाऊन बॅटरीचं बंधन काढा ("Unrestricted" किंवा "No restrictions"), आणि काही फोनमध्ये वेगळं "Autostart" असतं तेही चालू करा. ॲण्ड्रॉइड 13 पासून नोटिफिकेशनची परवानगीही वेगळी मागतात. घाईत "Don't allow" दाबलं गेलेलं असतं.

मेलमधला मजकूर व्हॉट्सॲपवर पेस्ट होत नाही.

"Your organization's data cannot be pasted here." असं येतं ना? तोच तर नियम. आउटलुकमधून ऑफिसच्याच दुसऱ्या ॲपमध्ये, म्हणजे टीम्स किंवा वर्डमध्ये, पेस्ट होईल. ड्रायव्हरला पत्ता पाठवायचा असेल तर टाइप करावा लागतो. कटकट आहे, मला मान्य आहे. हे मी वर कळवलंय.

सर्टिफिकेट विश्वासार्ह नाही असं आलं. पुढं जाऊ?

नाही. आधी फोनची तारीख बघा, ती चुकीची असली तरी हे येतं. तारीख बरोबर असेल तर ज्या वायफायवर आहात ते सोडा आणि मोबाइल डेटावर पुन्हा करा. लॉजच्या किंवा स्टँडवरच्या फुकट वायफायवर हे दिसलं तर मध्ये कुणीतरी बसलेलं असू शकतं. जुन्या सेटिंगमध्ये "Accept all certificates" असा पर्याय दिसतो. तो लावून काम होतं, म्हणूनच तो धोक्याचा. मोबाइल डेटावरही तेच आलं तर त्या पडद्याचा फोटो घेऊन मला दाखवा.

आयफोनवर?

तेच. सेटिंग्जमधून "Exchange" म्हणून खातं घातलं तर सर्व्हरला अख्खा फोन पुसता येतो. आउटलुक घेतलं तर फक्त आउटलुक. कॉन्टॅक्टचा बदल मात्र आउटलुकमध्येच करा. आयफोनच्या वहीत नावं आउटलुककडून येतात, तिथं केलेली दुरुस्ती परत जात नाही.

फोन हरवला. आधी काय?

आधी ऑफिसला फोन, मग बाकी सगळं. लोक उलटं करतात. दिवसभर रंकाळ्यावर शोधतात आणि संध्याकाळी सांगतात. तुम्ही कळवलंत की मी त्या फोनवरची सगळी लॉगिन तोडतो आणि आउटलुकमधलं पुसायची आज्ञा देतो. ही आज्ञा फोन इंटरनेटवर येईल तेव्हाच पोचते. चोरानं आधी सिम काढून फेकलं तर ती वाट बघत राहते, आणि तोवर आउटलुकच्या पिनवरच भिस्त. फोन मेला असं समजून वेळ काढू नका, आज्ञा जितकी लवकर जाईल तितकं बरं.

मग सिम बंद करा, पोलिसांत तक्रार द्या आणि तिची प्रत घेऊन `ceir.gov.in` वर फोनचा आयएमईआय नंबर ब्लॉक करा. पण ऑफिसची आज्ञा जाऊन पोचलीय का, हे मला विचारून मगच ब्लॉक करा. ब्लॉक झालेल्या फोनला मोबाइल नेटवर्क मिळत नाही, आणि नेटवर्क नसेल तर आज्ञा पोचायला वायफायच हवं.